गुरुवार, चार वाजता

आमच्या घरात गुरुवारी दुपारी साडेतीनपासून माझ्याशी कोणी बोलायचं नाही असा अलिखित नियम आहे. पोरगा शाळेतून आला की दप्तर टाकून गुपचूप आजीकडे जातो, सासूबाई स्वतः उठून चहा टाकतात आणि मी ओट्यावर फोन आणि वही घेऊन बसलेली असते. चार वाजता भाजीच्या ऑर्डरींचा फॉर्म बंद करायचा असतो. तो आपोआप बंद होत नाही, हाताने करावा लागतो, आणि एकदा मी विसरले होते तर सव्वासहापर्यंत नऊ ऑर्डरी वर येऊन पडल्या होत्या. त्या नऊ घरांना नाही म्हणायची लाज वाटली म्हणून हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी जे काय झालं ते सांगण्यासारखं नाही. म्हणजे सांगणारच आहे, पुढे.

आम्ही सासवडजवळचे. दिवे घाट उतरला की हडपसर, माझं माहेर. दोन एकर भाजीपाला, बाकी सीताफळ आणि थोडी कोरडवाहू. मार्केट यार्डलाच माल घालायचो, अजूनही बराचसा तिकडेच जातो, पण हडपसर, वानवडी आणि कोंढव्यातली मिळून ऐंशी-नव्वद घरं दर शनिवारी थेट आमच्याकडून भाजी घेतात. 2016 साली राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला तेव्हापासून हे आमच्या ह्यांच्या डोक्यात होतं, पण सुरुवात व्हायला मी लग्न होऊन यावी लागली, कारण शहरातल्या बायकांशी बोलणार कोण हा खरा प्रश्न होता. भाजी पिकवायचं काम ह्यांचं, किती निघेल ते सांगायचं काम आईंचं म्हणजे सासूबाईंचं, आणि ते लोकांना कळवायचं काम माझं. मला वाटलं होतं तिघांत माझंच सोप्पं आहे.

पहिल्या वर्षी आमची वेळ होती शुक्रवारी रात्री आठ. शनिवारी सकाळी भाजी पोचणार तर आदल्या रात्री आठपर्यंत ऑर्डर द्या, किती सोयीचं, ऑफिसातून घरी येऊन फ्रीज उघडून बघून माणूस ठरवू शकतो. मी शहरातून आलेली, मला तेच बरोबर वाटलं. पण भाजी शुक्रवारी सकाळीच तोडून झालेली असते ना. मग आम्ही अंदाजाने तोडायचो आणि रात्री आकडा बघून एक तर उरायचं नाहीतर कमी पडायचं. उरलेली मेथी शनिवारी कोण घेणार, शनिवारी यार्डलाही सुट्टी. आणि कमी पडली की हे रात्री बॅटरी डोक्याला बांधून वाफ्यात. अंधारात उपटलेली मेथी कधी बघितलीये का, निम्मं तणच जुडीत येतं. एका ताईंनी फोटो पाठवून विचारलं की ही नवीन पालेभाजी कुठली, कशी करायची. ती घोळ होती. खाल्ली असती तर चालली असती म्हणा, पण मेथीच्या पैशात नाही.

मग वेळ केली गुरुवारी रात्री नऊ. कागदावर एकदम बरोबर, शुक्रवारी तोडा, आदल्या रात्री आकडा हातात. पण तोडणार कोण हे कागदावर नव्हतं. आमच्या गावात तोडणीच्या बायका मुकादम मावशींकडून मिळतात. मावशी संध्याकाळी सहा-साडेसहाला देवळासमोर बसतात आणि उद्या कोण कोणाच्या रानात ते तिथंच ठरतं. सातला त्या घरी जाऊन भाकऱ्या थापायला लागतात, त्यानंतर त्यांना फोन केला तर उचलत नाहीत आणि उचलला तर दोन शब्द ऐकवतात. मी नऊला आकडा घेऊन बसले तरी सकाळी चार बायका पाहिजेत की दोन, हे सांगायची वेळ दोन तास आधीच निघून गेलेली. दोनच सांगितल्या आणि काम चौघींचं निघालं तर तोडा दुपारी दोनपर्यंत लांबतो, ऊन लागलेली भाजी संध्याकाळीच मान टाकते. चार सांगितल्या आणि काम दोघींचं असलं तरी हजेरी चौघींची द्यावीच लागते, आणि द्यायलाच पाहिजे, त्या बिचाऱ्या दुसऱ्याचं रान सोडून आलेल्या असतात.

तर असं उलटं मोजत मोजत चार वाजता आलं. सहाला मावशींना सांगायचं, त्याआधी ह्यांच्याशी बसून कोणती भाजी किती तोडायची ते पक्कं करायचं, त्याआधी सगळ्या ऑर्डरींची बेरीज, दुबार आलेल्या काढून टाकायच्या (काही लोक दोनदा भरतात, पहिल्यांदा कोथिंबीर विसरली म्हणून), याला मला दीड तास लागतोच. म्हणून चार. लोकांना वाटतं चार हा आम्ही काहीतरी शिस्त म्हणून ठरवलेला आकडा आहे. एका काकांनी मला समजावून सांगितलं होतं की चार वाजता नोकरदार माणूस मीटिंगमध्ये असतो, तुमचं मार्केटिंग चुकतंय. काका, तुमची मीटिंग मला मान्य आहे पण मुकादम मावशींच्या भाकऱ्यांना कोण सांगणार.

फक्त एवढं केलं की फॉर्म बुधवारी रात्री साडेआठला उघडते. जेवणं झालेली असतात, माणूस फोन घेऊन बसलेला असतो. आमच्याकडे निम्म्याच्या वर ऑर्डरी त्या रात्री दहापर्यंत येतात, मग गुरुवारी दिवसभर तुरळक, आणि शेवटच्या वीस मिनिटांत परत एक लाट. साडेतीनला मी आठवण टाकते ना, ती बघून. ती लाट आली की आई म्हणतात, आली गं तुझी एसटी.

कांदा, लसूण, लाल भोपळा हे मात्र शुक्रवारी संध्याकाळपर्यंत चालतं, कारण ते चाळीत पडूनच असतं, उचलायचं आणि पिशवीत टाकायचं. मध्यंतरी मी हे सगळ्यांना कळवलं की या तीन वस्तू शुक्रवारी सहापर्यंत सांगा आणि बाकीच्या गुरुवारी चारपर्यंत. झालं काय, लोकांनी एवढंच वाचलं की शुक्रवारी सहा. दोन आठवडे मी भांडले आणि मग ते बंद केलं. आता सगळ्याला एकच वेळ सांगते, आणि शुक्रवारी कोणी कांदा मागितला तर गुपचूप टाकते. एका माणसाच्या डोक्यात एकाच दुकानाच्या दोन वेळा राहत नाहीत, माझ्याही राहिल्या नसत्या.

आता बुधवार संध्याकाळचं सांगते, कारण खरी गंमत तिथे आहे.

फॉर्म उघडायच्या आधी मला लिहावं लागतं की भेंडी किती, गवार किती, मेथी किती जुड्या. लोकांना ती फक्त एक यादी दिसते. पण बुधवारी संध्याकाळी शुक्रवारची भेंडी झाडावर तयार नसते, ती करंगळीएवढी असते. फूल आल्यापासून पाचसहा दिवसांत भेंडी तोडायला येते आणि शेवटच्या दोन दिवसांत ती एवढी पटापट वाढते की सकाळी बघितलेली संध्याकाळी ओळखू येत नाही. त्यामुळे अंदाज म्हणजे बुधवारी त्या करंगळ्या मोजणं. आई हे नुसतं बांधावरून बघून सांगायच्या, "चाळीसच्या आत-बाहेर", आणि ते बरोबर निघायचं. मला ते जमेना म्हणून आम्ही मोजायला लागलो.

मागच्या सप्टेंबरातला एक आठवडा सांगते, वहीत आहे म्हणून आकड्यांसकट. भेंडी दहा गुंठे. दोन ओळींत दोन फूट, दोन झाडांत एक फूट, मर वगैरे जाऊन साधारण पाच हजार झाडं उभी. पाच ठिकाणची दहा-दहा झाडं मोजायची, कडेची नाहीत कारण कडेची नेहमी जास्त धरतात आणि आपण फसतो. पन्नास झाडांवर शुक्रवारी येतील अशा भेंड्या निघाल्या 35. म्हणजे पाच हजार झाडांवर साडेतीन हजार. आमच्या वाणाच्या साधारण 78 भेंड्या एका किलोत बसतात. झाले 45 किलो. त्यातून किडकी, वाकडी, पानाआड राहून जून झालेली अशी सहासात किलो जाणार हे धरायचं. राहिले 38. मी 34 लिहिले. ते मधले चार किलो माझ्या झोपेसाठी असतात.

34 किलो म्हणजे अर्ध्या किलोच्या 68 पिशव्या, एका घराला एकच. फॉर्मला काय माहीत भेंडी संपली, तो घेतच बसतो. चारला बंद केला तेव्हा 82 जणांना भेंडी पाहिजे होती. मग ज्या वेळेला ऑर्डर आली त्या वेळेने लावून घेतलं, अडुसष्टाव्या नावाखाली रेघ मारली आणि खालच्या चौदा जणांना लगेच कळवलं. यात एक गोष्ट फार लोकांना कळत नाही की चौदाजणांना नाही म्हणताना माझ्याकडे चार किलो शिल्लक धरलेले होते, म्हणजे आठ जणांना देता आलं असतं. पण ते चार किलो अजून झाडावर होते, माझ्याकडे नव्हते.

आणि भेंडीला आठवडा कळत नाही ही आणखी एक भानगड. ती तोडायची दिवसाआड. एक दिवस जास्त राहिली की निबर, टोक मोडायला गेलं तर कट्कन मोडत नाही, दोरा निघतो. पण आठवड्याचे दिवस सात, दिवसाआड करत गेलं तर आज शुक्रवारी आलेला तोडा पुढच्या आठवड्यात शनिवारी येणार. म्हणून आठवड्यात कुठेतरी एकदा तीन दिवसांचं अंतर पडू द्यावंच लागतं. आम्ही तोडतो शुक्रवार, रविवार, बुधवार. ते तीन दिवसांचं अंतर मुद्दाम रविवार-बुधवारमध्ये टाकलेलं आहे, म्हणजे जून माल बुधवारी निघून जातो, तो निवडून यार्डला जातो, आणि शुक्रवारचा तोडा स्वच्छ कोवळा दोन दिवसांचा. कोणी म्हणालं की आम्हाला शनिवारच्या ऐवजी गुरुवारी पोचवा ना, तर मी नुसतं हसते. त्यासाठी सगळं वेळापत्रक उचलून ठेवावं लागेल आणि झाडांना नोटीस द्यावी लागेल.

तर त्या सप्टेंबरच्या आठवड्यात भेंडी नीट पार पडली, शुक्रवारी 36 किलो निघाली. घात मेथीने केला.

मेथी मी 60 जुड्या लिहिली होती, तीन वाफे, एका वाफ्याला वीस. अठ्ठावीस दिवसांची, एकदम काढायच्या लायकीची. 57 जुड्यांची ऑर्डर आली. गुरुवारी सहाला मावशींना चार बायका सांगितल्या, सगळं छान, आणि रात्री दीडला पाऊस आला. रिपरिप नाही, पत्र्यावर बोलणं ऐकू येत नाही असला. सकाळी बघितलं तर दोन वाफ्यांत पाणी उभं आणि मेथी चिखलाने माखलेली, जमिनीला झोपलेली. मावशी म्हणाल्या, "उपटून धुवून देते की." हे नाही म्हणाले. तेव्हा मला राग आला होता, पण त्यांचं बरोबर होतं. पावसाने भिजलेली मेथी धुवून बांधली की जुडीच्या आत गरम होते. हात घातला तर चक्क कोमट लागते. शुक्रवारी दुपारी हिरवीगार दिसते आणि शनिवारी सकाळी सोडली की मधली पानं पिवळी-काळी, चिकट. वरून कळतच नाही. मेथी चांगली राहायची असेल तर कोरडी बांधायची, मुळं खाली करून क्रेटमध्ये उभी ठेवायची आणि वरून ओलं बारदान टाकायचं, ओल बाहेर पाहिजे, आत नको.

तिसरा वाफा उताराकडचा, निचऱ्याचा, तिथल्या वीस जुड्या बऱ्या निघाल्या. बाकीच्यांतून निवडून, पडवीत चटईवर पसरून, पंख्याखाली सुकवून आणखी चार. चोवीस. पाहिजे होत्या 57.

मी काय केलं, तर ऑर्डरच्या वेळेप्रमाणे पहिल्या 24 जणांच्या पिशवीत मेथी टाकली आणि बाकीच्या 33 जणांच्या पिशवीत एकेक चिठ्ठी, पावसामुळे मेथी नाही, पैसे पुढच्या वेळी वळते करू. मला वाटलं प्रामाणिकपणे केलंय, चिठ्ठीही हाताने लिहिलीये. वानवडीच्या एका सोसायटीत एक काकू आहेत, सुरुवातीपासूनच्या, कधी तक्रार नाही. त्यांनी गेटवरच पिशवी उघडून बघितली आणि म्हणाल्या, "अगं नाही तर नाही, पाऊस काय तू पाडलास का? पण तुला कधी कळलं?" मी म्हटलं, काल सकाळी सातला. "मग काल सकाळी सातला सांगायचंस ना मला. आज माझ्याकडे माणसं जेवायला येणारेत, मी मेथीचं पिठलं करणार होते. काल सांगितलं असतंस तर मी संध्याकाळी कोपऱ्यावरून आणली असती. आता साडेआठला कुठे जाऊ?"

मी परत येताना घाटभर तेच डोक्यात. मी शुक्रवार अख्खा त्या मेथीमागे होते, सुकवत, मोजत, चिठ्ठ्या लिहीत, आणि जी गोष्ट करायला दोन मिनिटं लागली असती ती केली नाही. खरं तर टाळली. कारण तेहतीस जणांना नाही म्हणायचं तर ते शक्य तितकं उशिरा म्हणावं असं माणसाला आतून वाटतं. कदाचित दुपारपर्यंत आणखी दहा जुड्या सुकतील, कदाचित पंधरा. त्या कदाचितमध्ये त्या काकूंचा अख्खा शुक्रवार गेला.

त्याच्या आधी मी मेसेज कसे टाकायचे तेही सांगते, म्हणजे कळेल. भेंडीला आज पहिलं फूल आलं, बघा किती सुंदर. पिवळं, मधे गडद तांबडं, आणि फोटो. गवारीवर दव. आईंच्या हातात टोमॅटो. लोक बदाम टाकायचे, मला बरं वाटायचं. अजूनही टाकते कधी कधी, आपल्यालाही हौस असतेच की. पण पहिलं फूल आलं या बातमीचं शहरातल्या माणसाने करायचं काय? त्याला शनिवारी घरात काय असणार आणि काय नसणार हे पाहिजे. त्यातही नसणार हे जास्त. असणारी भाजी तर येतेच, दिसतेच.

म्हणून आता माझे मेसेज तीनच असतात. बुधवारी रात्रीचा अंदाजाचा, गुरुवारी चारनंतर कोणाचं काय रेघेखाली गेलं त्याचा, आणि शुक्रवारी सकाळी अकराचा. हा तिसरा त्या मेथीनंतर आला. तोडा अकरापर्यंत जवळपास संपतो, क्रेट पडवीत येतात, तेव्हा जे आहे ते आहे. तो मेसेज असा असतो:

"शुक्रवार, 11 वाजता. तोडा झाला. भेंडी, गवार, टोमॅटो, कोथिंबीर सगळ्यांना पूर्ण. पालक नाही, पानावर ठिपके आलेत, कोणालाच देत नाहीये. दोडका 6 जणांना कमी पडेल, त्यांना वेगळा मेसेज केलाय. पालक पाहिजेच असेल तर आज संध्याकाळी बाहेरून घ्या."

शेवटचं वाक्य लिहायला ह्यांचा विरोध होता. आपलं गिऱ्हाईक आपणच दुसरीकडे पाठवायचं का म्हणून. मी म्हटलं ते तसंही जाणारच आहे, निदान वेळेवर तरी जाऊ दे. ह्यांचं समाधान झालं नाही, पण मेसेज मी टाकते त्यामुळे.

आणि हो, चार वाजता बंद करण्याचा फायदा मला तेव्हाच नीट समजला. ऑर्डरी शुक्रवारी रात्रीपर्यंत येत असत्या तर अकराला मी कोणाला काय सांगणार होते? कोणाला कमी पडलं हे कळायला आधी कोणाला किती पाहिजे ते ठरलेलं पाहिजे. त्या नऊ जणांच्या वेळी तेच झालं होतं. मावशींना आकडा देऊन झाला होता, त्यानंतर नऊ घरं वाढवली, आणि शुक्रवारी त्यांच्यासाठी म्हणून जे तोडलं ते अर्धवट वाढलेलं, रविवारच्या तोड्यातलं. वेळेत ऑर्डर देणाऱ्या घरांच्या गवारीतून मूठमूठ काढून मी त्या नऊ पिशव्या भरल्या. कोणाला कळलं नाही. वजनात अर्ध्या किलोला मी एरवी वीस ग्रॅम जास्तच टाकते, रात्रीत सुकतं म्हणून, ते त्या दिवशी नव्हतं इतकंच. पण मला माहितीये ना.

फवारणीचं मात्र लिहू की नको असं चाललं होतं.

आम्ही सेंद्रिय नाही. तसं कधी म्हटलेलंही नाही, पण लोक शेतकऱ्याकडून थेट म्हटलं की तसं धरून चालतात. निंबोळी अर्क, कामगंध सापळे हे आधी करतो, पण भेंडीत शेंडे आणि फळ पोखरणारी अळी वाढली की एका मर्यादेनंतर औषध मारावं लागतं. औषधाच्या लेबलवर शेवटची फवारणी आणि तोडणी यात किती दिवस थांबायचं ते दिलेलं असतं, आम्ही जे वापरतो त्यावर भेंडीसाठी पाच दिवस आहेत. आता दिवसाआड तोडायचं पीक आणि पाच दिवस थांबायचं, म्हणजे मधले दोन तोडे वाया. आणि नुसतं झाडावर ठेवून चालत नाही, भेंडी झाडावर जून होऊ दिली की झाड पुढचं फूल धरायचं कमी करतं. तोडायची आणि खड्ड्यात टाकायची, जनावरांनाही नाही. त्यामुळे हे शक्यतो शुक्रवारी तोडा झाला की दुपारनंतर ऊन उतरल्यावर फवारतात. रविवार आणि बुधवार जातो, पुढचा शुक्रवार मोकळा मिळतो. सगळेच जण दोन तोडे खड्ड्यात टाकतात असं मी म्हणणार नाही.

पण अळी शुक्रवार बघून येत नाही. एकदा मंगळवारी फवारावं लागलं. म्हणजे शुक्रवारची भेंडी गेली. बुधवारी रात्री मी मेसेज लिहायला बसले आणि "या आठवड्यात भेंडीला विश्रांती" असं काहीतरी लिहिलं होतं. आई म्हणाल्या, विश्रांती कसली, बाळंतीण आहे का ती. मग सरळ लिहिलं की मंगळवारी भेंडीवर कीटकनाशक मारलंय, पाच दिवस तोडत नाही, म्हणून या शनिवारी नाही, पुढच्या शनिवारी येईल. तीन घरं सोडून गेली. एकीने लिहिलं, आम्हाला वाटलं तुम्ही नॅचरल आहात. बाकीच्या कोणी काहीच म्हटलं नाही, फक्त एका डॉक्टर बाईंनी औषधाचं नाव विचारलं, मी लेबलचा फोटो पाठवला, त्यांनी अंगठा टाकला. पुढच्या शनिवारी भेंडीला नेहमीपेक्षा जास्त मागणी होती, पण ती एक आठवडा मिळाली नाही म्हणूनही असेल, उगाच मोठा अर्थ काढत नाही.

वर्षातून एक आठवडा असा येतो की त्यात हे सगळं गणित चालत नाही, पालखीचा. माऊलींची पालखी पुण्याहून निघते, दिवे घाट चढते आणि सासवडला दोन रात्री मुक्काम करते. घाट आमच्यासारख्यांच्या टेम्पोला बंद, बोपदेव घाटाने जावं तर सगळं जगच तिकडे वळवलेलं. एका वर्षी पालखी शुक्रवारी घाट चढली आणि शनिवारी सासवडला मुक्काम. मी हुशारी केली, सगळं दोन दिवस अलीकडे ओढलं. ऑर्डर मंगळवारी बारापर्यंत, तोडा बुधवारी, डिलिव्हरी गुरुवारी सकाळी. सगळ्यांना आठवडाभर आधी कळवलं, दोनदा आठवण केली, वेळेचं एकदम चोख. आणि भेंडी बुधवारची गेली, तीन दिवसांच्या अंतराची. निवडली होती तरी. कोंढव्यातून फोटो आला, भेंडी मधून चिरलेली, आत बिया मोत्याएवढ्या टपोऱ्या. खाली फक्त लिहिलं होतं, "पालखीची वाट बघून म्हातारी झाली वाटतं."

तेव्हापासून त्या आठवड्यात आम्ही सुट्टी घेतो. तोडणीच्या बायका तशाही दर्शनाला जातात, मावशी स्वतः तुळस डोक्यावर घेऊन घाटापर्यंत जाऊन येतात. शुक्रवारचा तोडा आम्ही घरचेच तोडतो, पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून, कारण भेंडीची लव अंगाला लागली की रात्रभर खाजत बसायचं. ती भेंडी ओळखीच्या एका दिंडीच्या स्वयंपाकाला जाते. तिथे कोणी किती किलो विचारत नाही, वेळेचं विचारत नाही, क्रेट उतरवला की लगेच चार जणी विळ्या घेऊन बसतात. ह्यांचा हा वर्षातला आवडता तोडा. माझाही असेल, फक्त सोमवारपासून "ताई या शनिवारी आहे ना?" असे मेसेज सुरू होतात, तेवढं सोडून.

आज बुधवार आहे. हे आत्ता रानातून आलेत, पाय धुतायत, मोजणीचा कागद ओट्यावर टाकलाय, पन्नास झाडांवर 19. थंडी वाजायला लागली की भेंडी अशी आखडते, पाचाची सहा-सात दिवस घेते, आणि हा प्लॉट तसाही आता उतरणीलाच आहे. 19 म्हणजे 1900, म्हणजे चोवीस किलो, वजा चार, वजा माझ्या झोपेचे दोन. अठरा. छत्तीस घरं. आणि साडेआठला वीस मिनिटं कमी आहेत, गवारीचं अजून कोणी काही सांगितलेलं नाही. विचारलं तर आई म्हणतायत गवार वीस धर, हे म्हणतायत सोळा. सोळा लिहिते.